गहाळ मूळ दस्तऐवज : पोलीस नोंद, प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र यांचे मसुदालेखन

उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर मिळकतीचे मूळ खरेदीखत गहाळ झाले असता करावयाच्या तीन कागदांचा परस्परसंबंध आपल्याला सांगता येईल. त्या प्रत्येकातील विधानांची भाषा का बदलते हे ओळखता येईल आणि दिलेल्या माहितीवरून प्रतिज्ञापत्राचा व बंधपत्राचा निर्दोष मसुदा मराठीत तयार करता येईल.

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, निवेदन, इतिवृत्त असे लेखनप्रकार पाहतो. त्यांत एखादा शब्द सैल पडला तर फार तर गैरसमज होतो. या घटकातील लेखनप्रकारांत मात्र सैल शब्दामुळे मिळकतीचा व्यवहार अडतो, आणि शपथेवर केलेले विधान खोटे ठरले तर शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणून येथे वाक्याच्या डौलापेक्षा त्याच्या अचूकतेकडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

प्रथम एक प्रश्न मनात येईल. खरेदीखत नोंदणीकृत असते आणि त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात जपलेली असते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार तिची प्रमाणित प्रत मिळते व ती प्रत मूळ दस्तातील मजकूर सिद्ध करण्यासाठी ग्राह्यही धरली जाते. मग मूळ कागद हरवला म्हणून एवढी धावपळ कशासाठी?

याचे उत्तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये आहे. मिळकतीचे हक्कदस्त कर्ज देणाऱ्याकडे तारण म्हणून नुसते ठेवूनही गहाण निर्माण होऊ शकते. त्यासाठी वेगळे गहाणखत लिहावेच लागते असे नाही. त्यामुळे विक्रेत्याच्या हाती मूळ खत नसेल, तर खरेदीदाराच्या व बँकेच्या मनात पहिली शंका येते ती ‘खत हरवले असेल’ ही नव्हे. ‘ते दुसऱ्या कोणाच्या तिजोरीत असेल’ ही येते. प्रमाणित प्रतीवरून खतात काय लिहिले आहे ते कळते, मूळ खत कोठे आहे ते कळत नाही. पुढील तिन्ही कागद या एकाच शंकेला उत्तर देण्यासाठी केले जातात.

तीन कागद, तीन प्रकारची विधाने

या तिन्ही कागदांची सक्ती कोणत्याही एका अधिनियमात एकत्र सांगितलेली नाही. बँका, गृहनिर्माण संस्था आणि वकील यांच्या व्यवहारातून ही पद्धत रूढ झाली आहे. कागद एकत्र मागितले जातात म्हणून पुष्कळजण तिन्हींत एकच मजकूर उतरवून काढतात. दोषाचे मूळ बहुधा येथेच असते.

पोलीस नोंद एवढेच सांगते की, अमुक व्यक्तीने अमुक दिवशी येऊन दस्त गहाळ झाल्याचे कळवले. पोलिसांनी त्याची सत्यता पडताळली, असा तिचा अर्थ नसतो. प्रतिज्ञापत्र भूतकाळाविषयी बोलते. दस्त कोणता होता, कोठे होता, तो नाही हे केव्हा कळले, हे त्यात शपथेवर सांगितलेले असते. बंधपत्र भविष्यकाळाविषयी बोलते. शपथेवर सांगितलेले उद्या चुकीचे निघाले तर काय केले जाईल, याचे ते वचन असते. पहिला कागद कळवतो, दुसरा सांगतो, तिसरा बांधून घेतो. क्रियापदांचा हा भेद लक्षात ठेवल्यास मसुद्यातील अर्धे काम सोपे होते.

अभ्यासासाठी एक प्रकरण

पुढील प्रकरण अभ्यासापुरते कल्पिलेले आहे. श्रीमती अ. ब. क. या सेलू येथील निवृत्त शिक्षिका. त्यांनी १९९४ मध्ये परभणी शहरात एक भूखंड स्वतःच्या नावे खरेदी केला. खत परभणीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले. जून २०२३ मध्ये त्यांनी सेलूचे बिऱ्हाड हलवले व त्या परभणीस राहण्यास आल्या. सामान टेम्पोने आणले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भूखंड विकण्याचे ठरले. खरेदीदार बँकेचे कर्ज घेणार असल्याने बँकेने मूळ खत मागितले. दिनांक १० नोव्हेंबर रोजी बाईंनी लोखंडी पेटी उघडली, तेव्हा इतर कागद होते पण खत नव्हते.

‘हरवले’ म्हणण्यापूर्वी

पोलीस ठाण्याकडे जाण्याआधी योग्य क्रियापद निवडावे लागते. गहाळ होणे, चोरीस जाणे, नष्ट होणे आणि दुसऱ्याच्या ताब्यात असणे या चार वेगळ्या स्थिती आहेत व त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत.

चोरीचा संशय असेल तर तो सर्वसाधारणपणे दखलपात्र अपराध ठरतो. अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ नुसार प्रथम खबर नोंदवली जाते व तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. नुसते गहाळ होणे हा अपराध नाही. त्यामुळे त्याची प्रथम खबर होत नाही, ठाण्यात गहाळ मालमत्तेची नोंद होते आणि तिचा दाखला मिळतो. बँकेच्या छापील यादीत ‘एफआयआर’ असा शब्द असला म्हणून चोरी झाल्याचे सांगणे चूक आहे. बँकेस गहाळ नोंदीचा दाखला चालतो का, हे लेखी विचारून घ्यावे. पुराच्या पाण्यात किंवा आगीत कागद गेला असेल, तर ‘गहाळ’ हा शब्दच असत्य ठरतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अनेक घरांत पाणी शिरले. अशा घरातील भिजून लगदा झालेल्या खताबाबत ‘नष्ट झाले’ असे लिहावे व महसुली पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत जोडावी.

चौथी स्थिती सर्वांत नाजूक आहे. खत एखाद्या सावकाराकडे किंवा भाऊबंदाकडे अडकलेले असते आणि ते सोडवण्याऐवजी ‘हरवले म्हणून टाका’ असा सल्ला दिला जातो. असा सल्ला देणारे व्यवहारचतुर समजले जातात, पण ते समोरच्याला खोट्या शपथेकडे ढकलत असतात. जाणूनबुजून खोटा पुरावा देणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २२९ खाली अपराध आहे. अवैध सावकारीत मिळकत अडकली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. तेथे ‘माझे खत अमुक व्यक्तीकडे आहे’ हे खरे विधानच उपयोगी पडते. पूर्वी ‘हरवले’ अशी शपथ घेतलेली असेल, तर तीच त्या वेळी आड येते.

आणखी एक शक्यता तपासावी. पूर्वी कर्ज घेतले होते व खत बँकेकडेच होते का? बँकेच्या ताब्यात असताना ते हरवले असेल, तर भार ग्राहकाने उचलावयाचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्जांच्या बाबतीत, १ डिसेंबर २०२३ पासून, अशा प्रसंगी प्रमाणित प्रती मिळवून देण्यास बँकेने साहाय्य करावयाचे असते व खर्चही सोसावयाचा असतो. आपल्या प्रकरणातील बाईंनी या भूखंडावर कधीही कर्ज घेतलेले नाही, म्हणून त्यांची स्थिती निखळ गहाळ होण्याची आहे.

पोलीस ठाण्यातील अर्ज

परभणी शहरात कोतवाली, नानलपेठ, नवा मोंढा अशी पोलीस ठाणी आहेत. जेथे दस्त गहाळ झाल्याचे आढळले त्या हद्दीतील ठाण्यात अर्ज द्यावा. अर्ज आटोपशीर असावा, पण दस्ताची ओळख पूर्ण द्यावी. दस्ताचा प्रकार, दस्त क्रमांक व वर्ष, नोंदणीचा दिनांक, कार्यालय, लिहून देणार व लिहून घेणार यांची नावे, आणि मिळकतीचे वर्णन हे सर्व त्यात हवे. ही माहिती आठवणीतून लिहू नये. प्रथम दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन सूची क्रमांक २ चा उतारा काढावा आणि त्यावरून लिहावे. दाखल्यात दस्त क्रमांकाचा एक आकडा जरी चुकला, तरी तो दाखला दुसऱ्याच दस्ताचा ठरतो.

मराठवाड्यात जुन्या मिळकतींच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. परभणी जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील कागद बहुधा उर्दूत असतात व त्यांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की स्थूलमानाने इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३५० हा साधारण १९४० च्या सुमाराचा होय. मसुद्यात दोन्ही सन लिहावेत, म्हणजे शोध घेणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

प्रतिज्ञापत्र : जे ठाऊक आहे तेवढेच

आता बाईंच्या प्रकरणातील मुख्य विधान पाहू. टंकलेखकाकडील तयार नमुन्यात असे वाक्य येते :

‘सदर मूळ खरेदीखत जून २०२३ मध्ये सेलू ते परभणी प्रवासात माझ्याकडून हरवले आहे.’

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र बाईंना हे खरोखर ठाऊक आहे का? खत टेम्पोतून पडताना त्यांनी पाहिलेले नाही. कदाचित ते सेलूच्या घरातच राहिले असेल, कदाचित रद्दीत गेले असेल. प्रवासात हरवले हा त्यांचा तर्क आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ चे तत्त्व असे की, प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील अशीच तथ्ये असावीत. ते तत्त्व न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांसाठी असले, तरी बँकेसाठीच्या प्रतिज्ञापत्रालाही तीच कसोटी लावावी. सुधारित मसुदा असा होईल :

‘सदर मूळ खरेदीखत माझ्या सेलू येथील राहत्या घरी लोखंडी पेटीत ठेवलेले होते. जून २०२३ मध्ये मी घरसामान परभणी येथे हलवले. दिनांक १० नोव्हेंबर २०२५ रोजी पेटी तपासली असता त्यात सदर खत आढळून आले नाही. त्यानंतर मी दोन्ही ठिकाणी कसून शोध घेतला, परंतु ते मिळाले नाही. सामान हलवताना ते गहाळ झाले असावे असे मला वाटते.’

पहिल्या चार वाक्यांत तथ्ये आहेत, पाचव्यात तर्क आहे, आणि ‘असावे असे मला वाटते’ या शब्दांनी तो तर्क म्हणूनच मांडला आहे. उद्या खत सेलूच्या माळ्यावर सापडले, तरी यातील एकही विधान खोटे ठरत नाही. पहिल्या नमुन्याला हे भाग्य लाभले नसते.

यानंतर शंकेचे थेट निरसन करणारे कलम येते. ‘मिळकत बोजारहित आहे’ असे सर्वसाधारण वाक्य पुरेसे नाही. मूळ दस्ताविषयीच बोलावे : ‘सदर मूळ खरेदीखत मी कोणत्याही बँकेकडे, पतसंस्थेकडे, सावकाराकडे अथवा व्यक्तीकडे गहाण, तारण वा अन्य कारणाने ठेवलेले नाही.’ शेवटी सत्यापन असते. त्यात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे आहेत आणि कोणते समजुतीप्रमाणे, हे क्रमांकांसह वेगळे सांगावे. सही नोटरीसमोरच करावी; घरून सही करून कागद पाठवला तर शपथ घेतली असे म्हणता येत नाही.

तारखांची साखळी

पोलीस नोंदीनंतर वृत्तपत्रात जाहीर नोटीस देण्याची प्रथा आहे. तिच्यात हरकतीसाठी बहुधा सात ते पंधरा दिवसांची मुदत असते. बाईंच्या प्रकरणात पोलीस नोंद १३ नोव्हेंबर २०२५ ची, नोटीस १८ नोव्हेंबरची व तिची मुदत पंधरा दिवस, म्हणजे ३ डिसेंबरपर्यंत. प्रमाणित प्रत २४ नोव्हेंबरला मिळाली. आता प्रतिज्ञापत्रात ‘नोटिशीस अनुसरून मुदतीत कोणाचीही हरकत माझ्याकडे आलेली नाही’ असे वाक्य घालावयाचे असेल, तर प्रतिज्ञापत्र ३ डिसेंबरनंतरचेच असले पाहिजे. घाईत ते २५ नोव्हेंबरला केले, तर मुदत संपण्यापूर्वीच तिच्या अखेरीविषयी शपथ घेतल्यासारखे होते. बँकेचे वकील कागद तपासताना पुष्कळदा प्रथम तारखाच पाहतात. बाईंनी मुद्रांक ५ डिसेंबरला घेतला आणि ८ डिसेंबरला शपथ घेतली, हे बरोबर झाले.

मुद्रांकाबाबत थोडक्यात : शासकीय कार्यालयात वा न्यायालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे. बँकेसाठी किंवा खाजगी व्यवहारासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रास ही माफी नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या १०० रुपयांऐवजी ५०० रुपये शुल्क लागते. मुद्रांक कागद पक्षकाराच्या नावे घ्यावा व खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत वापरावा. प्रतिज्ञापत्र व बंधपत्र हे दोन स्वतंत्र लेख आहेत. एकाच मुद्रांकावर दोन्ही उरकू नयेत.

बंधपत्र : ‘तोशीस’ या शब्दाचे सामर्थ्य

क्षतिपूर्तीची व्याख्या भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ मध्ये आहे. तिचा आशय असा की, एका पक्षाने दुसऱ्यास, वचन देणाऱ्याच्या वा अन्य कोणाच्या वर्तनामुळे होणाऱ्या हानीपासून वाचवण्याचे वचन देणे. यातील ‘वाचवणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. हानी झाल्यावर ती भरून देणे आणि हानी होऊच न देणे यांत अंतर आहे.

आपल्या जुन्या खरेदीखतांत हे अंतर नेमके पकडणारा शब्दप्रयोग आहे : ‘तुम्हांस कोणत्याही प्रकारची तोशीस लागू देणार नाही.’ तोशीस म्हणजे झळ, उपद्रव, खर्चाचा वा त्रासाचा भार. ती ‘लागू देणार नाही’ असे म्हणणारा, संकट येताच स्वतः पुढे होण्याचे वचन देतो. हाच आशय ‘नुकसान झाल्यास भरपाई करीन’ या प्रचलित वाक्यात उरत नाही. ते वाक्य वाचून असे म्हणता येते की, आधी तुमचे नुकसान होऊ द्या, मग पाहू.

हा वाद प्रत्यक्ष न्यायालयात गेलेला आहे. गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या १९४२ च्या प्रकरणात परेळकरांनी मंत्री यांच्या देण्यापोटी मुंबईतील भूखंड गहाण ठेवला होता, आणि त्या दायित्वातून त्यांना मुक्त करण्याची जबाबदारी मंत्री यांच्यावर होती. परेळकरांनी अद्याप पैसे भरलेले नाहीत, म्हणून दावा अपक्व आहे असा बचाव घेतला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी तो मान्य केला नाही. दायित्व निश्चित झाले असेल, तर प्रत्यक्ष पैसे भरण्याची वाट न पाहता, वचन देणाऱ्याने ते दायित्व फेडावे अशी मागणी करता येते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. म्हणजे कायदा ‘तोशीस लागू न देण्या’च्या बाजूने उभा राहू शकतो. तरीही ते वादात न सोडता मसुद्यातच स्पष्ट लिहावे :

‘सदर मूळ खरेदीखताच्या आधारे कोणीही व्यक्ती अथवा संस्था सदर मिळकतीवर हक्क, बोजा वा दावा सांगेल, तर त्याचे निवारण मी स्वखर्चाने करीन व लिहून घेणार यांना कोणतीही तोशीस लागू देणार नाही. अशा दाव्यामुळे लिहून घेणार यांच्यावर कोणतेही देणे निश्चित झाल्यास, त्यांनी ते प्रत्यक्ष भरलेले असो वा नसो, लेखी मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत मी ते फेडीन.’

‘लिहून घेणार’ कोण, हेही ठरवून लिहावे. आपल्या प्रकरणात खरेदीदार व बँक दोघांनाही धोका आहे, म्हणून दोघांची नावे हवीत. नुसते ‘संबंधित’ असे लिहिल्यास वचन कोणाला दिले हेच संदिग्ध राहते. त्यानंतर वारसांचा उल्लेख येतो : ‘हे बंधपत्र माझ्यावर तसेच माझ्या मालमत्तेपुरते माझ्या वारसांवर व कायदेशीर प्रतिनिधींवर बंधनकारक राहील.’ यातील ‘मालमत्तेपुरते’ हा शब्द वारसांच्या हिताचा आहे. तो गाळू नये. बंधपत्र देणाऱ्याच्या बाजूने पाहता दायित्वाची कमाल मर्यादाही लिहिता येते. बँक ती मान्य करीलच असे नाही, पण मागण्यात गैर काही नाही. शेवटचे आवश्यक कलम खत सापडल्यास काय करावयाचे याचे : ‘मूळ खरेदीखत भविष्यात सापडल्यास त्याचा कोणताही वापर न करता मी ते ७ दिवसांच्या आत लिहून घेणार यांच्या स्वाधीन करीन.’

बंधपत्राची मर्यादाही ओळखून असावे. ते फक्त दोन पक्षांमधील वचन आहे. मूळ खत खरोखरच एखाद्या बँकेकडे तारण असेल, तर त्या बँकेचा हक्क या वचनाने नाहीसा होत नाही. खरेदीदारास केवळ विक्रेत्याकडे मागण्याचा मार्ग मिळतो. विक्रेत्यापाशी तेव्हा काही उरले नसेल, तर तो मार्गही कागदावरच राहतो. म्हणूनच शहाणा खरेदीदार बंधपत्र घेऊन थांबत नाही. तो दुय्यम निबंधकाकडील शोध, शेतजमीन असल्यास सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना, आणि बँकांच्या तारण हक्कांची केंद्रीय नोंद स्वतः तपासतो.

आपली प्रगती तपासा

१. ‘माझे खरेदीखत दिनांक ५ मार्च रोजी परभणी बसस्थानकावर चोरीस गेले अथवा हरवले आहे.’ या वाक्यातील दोष सांगा. अर्जदाराने बसमध्ये चढताना पिशवी जवळ असल्याचे पाहिले होते आणि घरी पोहोचल्यावर ती नव्हती, एवढेच त्यास ठाऊक आहे असे समजून प्रतिज्ञापत्रासाठी नवा परिच्छेद लिहा.

२. जाहीर नोटीस २ जूनची व मुदत १५ दिवसांची आहे. प्रतिज्ञापत्र १२ जूनचे असून त्यात ‘मुदतीत हरकत आली नाही’ असे म्हटले आहे. बँकेच्या वकिलाने घेतलेली हरकत त्याच्या पत्राच्या स्वरूपात पाच ओळींत लिहा.

३. आपल्या घरातील किंवा परिचितांकडील एखादे जुने खरेदीखत, धारकाच्या परवानगीने, वाचा. त्यात ‘तोशीस’, ‘निवारण’, ‘हक्कहितसंबंध’ यांपैकी कोणते शब्द कोणत्या वाक्यात आले आहेत ते टिपा आणि त्या वाक्यातील वचन हानी टाळण्याचे आहे की हानी भरून देण्याचे, ते ठरवा.